पाचशे रुपयांची खोटी थकबाकी

कर्ज फेडलं, कंपनीने ना-हरकत दाखला दिला, आरसीवरची एचपी उतरली. एवढं सगळं झाल्यावरही फायनान्स कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही थकबाकीदार असू शकता, आणि ते तुम्हाला कोणी सांगायला येत नाही. कळतं केव्हा, तर दुसऱ्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर. साहेब स्क्रीनकडे बघतात आणि म्हणतात, "तुमचं सिबिल खराब आहे." बस्स. पुढे बोलणं नाही, कागद बघणं नाही.

आपल्या बाजारपेठेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका गृहस्थांचं नेमकं हेच झालं. त्यांचे सगळे कागद मी दोन दिवस बसून तपासलेत. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण प्रकार काय आहे तो नीट समजून घ्या. हप्त्यावर गाडी नाही असं घर आता आपल्याकडे शोधून काढावं लागेल.

सप्टेंबर २०२२ पासून त्यांचे दुचाकीचे हप्ते सुरू झाले. महिन्याला ३,५४० रुपये, एकूण २४ हप्ते, तारीख ५. जानेवारी २०२४ चा हप्ता खात्यात पैसे कमी असल्याने बाऊन्स झाला. ११ जानेवारीला वसुलीवाला घरी आला. हप्त्याचे ३,५४० आणि बाऊन्सचे ५०० मिळून ४,०४० रुपये त्याने रोख घेतले आणि पावती दिली. पावतीवर दोन्ही रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत. त्यानंतरचे सातही हप्ते वेळेवर गेले. ५ ऑगस्ट २०२४ ला शेवटचा हप्ता. २२ ऑगस्टला कंपनीने लेखी दिलं की या कर्जापोटी आमचं काहीही येणं नाही. तो दाखला दाखवून सप्टेंबरमध्ये आरटीओतून एचपी उतरवली. माणूस मोकळा झाला.

निदान त्याला तसं वाटलं.

जून २०२५ मध्ये त्यांनी नव्या पल्व्हरायझरसाठी बँकेत दोन लाखांचा अर्ज केला. दिवाळीआधी भाजणी आणि बेसनाची गर्दी असते, तेव्हा मशीन चालू हवं असा हिशेब होता. बँकेने अर्ज परत केला. १२ जूनला त्यांनी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढला, तर त्यात हे दुचाकीचं कर्ज अजून चालू! थकीत रक्कम ५०० रुपये. आणि त्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटींमध्ये थकलेल्या दिवसांचे आकडे चढत गेलेले. ऑगस्ट २०२४ ला २६ दिवस, सप्टेंबरला ५६, ऑक्टोबरला ८७, नोव्हेंबरला ११७, आणि असं करत ३१ मे २०२५ ला २९९ दिवस.

या आकड्यांचा अर्थ बँकवाल्याच्या नजरेने बघा. ९० दिवसांच्या वर थकलेलं कर्ज म्हणजे बुडीताच्या वाटेवरचं कर्ज. रक्कम पाचशे आहे की पाच लाख, हे तो नंतर बघतो. आधी त्याला २९९ दिसतं. चोवीसच्या चोवीस हप्ते भरलेला माणूस कागदावर दहा महिने पैसे बुडवून बसलेला दिसतो.

हे पाचशे आले कुठून? कंपनीकडून कर्जाचा खातेउतारा मागवला, त्यात उत्तर सापडलं. ११ जानेवारीच्या तारखेला फक्त ३,५४० रुपये जमा आहेत. बाऊन्सचे पाचशे रुपये आकारलेले आहेत, पण जमा झालेले नाहीत. पावती आहे, कंपनीच्या माणसाची सही आहे, पैसे मात्र खात्यावर नाहीत. दाखला देणाऱ्याने हप्ते पूर्ण झालेले बघितले आणि दाखला दिला. क्रेडिट कंपन्यांना माहिती पाठवणाऱ्या सिस्टीमने पाचशे बाकी बघितले आणि थकबाकी कळवली. एकाच कंपनीचा एक हात म्हणतो येणं नाही, दुसरा हात म्हणतो थकलंय. आणि खेटे मारायचे कोणी? तर गिरणीवाल्याने, गिरणी बंद ठेवून.

आता कंपनीचं उत्तर ऐका. ग्राहक सेवेवरची मुलगी म्हणाली, "काका, पाचशेच तर आहेत, भरून टाका, लगेच क्लिअर होईल." आपल्यातले बहुतेक लोक इथेच वैतागून पाचशे भरतात. तो गळफास आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाचशे भरले की थकीत रक्कम शून्य होईल, हे खरं. पण त्या दहा महिन्यांच्या चौकटी तशाच राहतील. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो. म्हणजे २९९ हा आकडा पुढची काही वर्षं प्रत्येक बँकेला दिसत राहणार. शिवाय पैसे भरून तुम्ही स्वतःच कबूल केलंत की ते येणं होतं. मग चूक दुरुस्त करा असं कोणत्या तोंडाने म्हणणार? आणखी एक धोका आहे. खातं बंद करताना काही वेळा त्यावर Closed ऐवजी Settled असा शेरा मारला जातो. आपल्या बोलण्यात 'सेटल झालं' म्हणजे मिटलं, संपलं. रिपोर्टच्या भाषेत Settled म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोड करून कमी रकमेवर भागवलं. पूर्ण कर्ज फेडणाऱ्याच्या माथी हा शेरा म्हणजे दुसरी बदनामी. त्यामुळे फोनवर "सेटल करून देतो" असं कोणी म्हणालं तर हो म्हणू नका.

गिरणीवाल्या काकांनी पाचशे भरले नाहीत. शाबास त्यांची. १६ जून २०२५ ला त्यांनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला आणि तेच पत्र रजिस्टर पोस्टानेही पाठवलं. अर्जात "माझं सिबिल वाढवून द्या" असं कुठेही नाही. स्कोअर कसा काढला या वादाला भरपाईची योजना लागू होत नाही, आणि स्कोअर काढणं हे कर्ज देणाऱ्याच्या हातातही नसतं. भांडण नोंदीशी आहे, म्हणून मागणी नोंदीचीच. ती अशी:

"या कर्ज खात्याची स्थिती Closed अशी करावी, Settled नव्हे. बंद झाल्याची तारीख ऑगस्ट २०२४ मधील असावी, आजची नव्हे. शिल्लक व थकीत रक्कम शून्य करावी. ऑगस्ट २०२४ पासून दाखवलेले थकलेले दिवस मागील तारखेपासून काढून टाकावेत. ही दुरुस्ती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवून त्याची लेखी प्रत मला द्यावी."

सोबत चार कागद जोडले: ना-हरकत दाखला, ४,०४० ची पावती, खातेउतारा, आणि रिपोर्टचं ते पान. खाली मोबाईल नंबर आणि बँक खात्याचा तपशील. खात्याचा तपशील कशाला, ते पुढे येईलच.

चारही कंपन्या का? कारण सिबिल हे एकाच कंपनीचं नाव आहे. तिच्याशिवाय एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत. कर्ज देणारा चौघींनाही माहिती पाठवतो. एकीकडे दुरुस्त झालं आणि दुसरीकडे तसंच राहिलं, तर पुढची बँक नेमका दुसरीचा रिपोर्ट काढते.

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात, सिबिलवाल्यांनाच सांगा ना दुरुस्त करायला. सांगावं, जरूर सांगावं, त्यांच्या वेबसाइटवर तक्रारीची सोय आहे. पण २००५ चा क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा वाचा. कलम २१ म्हणतं की माहिती दुरुस्त करा अशी मागणी कर्जदार करू शकतो आणि मागणी झाल्यापासून तीस दिवसांत पावलं उचलली पाहिजेत. त्याच कलमात पुढे पाचर मारलेली आहे: ज्या संस्थेने कर्ज दिलं तिने दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय क्रेडिट कंपनीने ती करायची नाही.

म्हणजे ज्याने चुकीची नोंद केली, त्याच्याच होकारावर ती नोंद पुसणं अवलंबून. तुमच्या हातात पावती असो, दाखला असो, आरटीओचा कागद असो, क्रेडिट कंपनी तो बघून निर्णय देत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते. तो म्हणाला "आमच्या रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे", की विषय संपला. हाच न्याय तालुक्याच्या कचेरीत लावला असता तर आपण मोर्चा काढला असता.

याच कारणाने "सिबिल क्लिअर करून मिळेल" अशा पाट्या लावून बसलेल्यांना एक रुपया देऊ नका. ज्या नोंदीला क्रेडिट कंपनी स्वतः हात लावू शकत नाही, ती एजंट कशी बदलणार? तो फार तर तुमच्या नावाने तोच अर्ज करेल, जो तुम्हाला फुकट करता येतो. नाहीतर तुमचा ओटीपी घेऊन भलतंच काही करेल.

मग सामान्य माणसाच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि तेच लपून राहतं. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ ला परिपत्रक काढलं, ते २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत नोंदीचा निकाल लागला नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे. त्या मुदतीत त्याने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर पैसे त्याने द्यायचे. त्याने वेळेत पाठवली आणि क्रेडिट कंपनीने उशीर केला तर तिने द्यायचे. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत भरपाई बँक खात्यात जमा झाली पाहिजे. म्हणून अर्जात खात्याचा तपशील.

शाखेत जाऊन तोंडी सांगणाऱ्याला हे शंभर रुपये कधीच मिळणार नाहीत, कारण त्याच्या तक्रारीला तारीखच नसते. "उद्या या", "साहेब रजेवर आहेत", "वरून व्हायचंय" यात सहा महिने जातात आणि कागदोपत्री पहिला दिवससुद्धा उजाडलेला नसतो. ईमेल किंवा पोस्टाची पावती म्हणूनच महत्त्वाची.

काकांच्या तक्रारीचं काय झालं? अठराव्या दिवशी, ४ जुलैला, दोन ओळींचं उत्तर आलं: नोंद आमच्या सिस्टीमनुसार बरोबर आहे, तक्रार बंद करत आहोत. पावतीचा उल्लेख नाही, स्वतःच दिलेल्या दाखल्याचा उल्लेख नाही. याच परिपत्रकांच्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दुरुस्ती नाकारली तर कारण कळवा. "सिस्टीम म्हणते" हे काय कारण झालं? सिस्टीममध्ये चूक आहे हीच तर तक्रार आहे! आणि ही चलाखी ओळखा. मुदतीच्या आत नकार पाठवला की कंपनी म्हणायला मोकळी, आम्ही तक्रार वेळेत निकाली काढली, भरपाईचा प्रश्नच नाही. म्हणून असं उत्तर आलं की गप्प बसायचं नाही. काकांनी ७ जुलैला कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याला पुन्हा पत्र टाकलं, पावती आणि उताऱ्यातल्या ११ जानेवारीच्या ओळीवर लाल पेनाने खूण करून. त्याला उत्तरच नाही.

१६ जुलैला तीस दिवस पूर्ण झाले. २१ जुलैला cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार गेली. फी नाही, वकील लागत नाही. आज ३१ ऑगस्ट. १७ जुलैपासून आजपर्यंत ४६ दिवस झाले. नियमाच्या हिशेबाने कंपनी काकांना ४,६०० रुपये देणं लागते. कधी नव्हतीच अशा पाचशे रुपयांच्या थकबाकीपायी! खरा थकबाकीदार कोण, ते आता तुम्हीच ठरवा.

काही जण म्हणतील, एवढ्या लाखो खात्यांत एखादी चूक होणारच. होऊ दे ना. चुकीबद्दल कोणाचं भांडण नाही. भांडण हे आहे की चूक दाखवून दिल्यावरही ती का राहते. आणि एक प्रश्न कंपनीने टाळू नये. थकबाकी क्रेडिट कंपन्यांना कळवताना कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेल पाठवा, असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. काकांचा मोबाईल नंबर तोच, कंपनीच्या नव्या कर्जाच्या जाहिराती त्यावर रोज येतात. मग दहा महिन्यांत थकबाकीचा एकही मेसेज का आला नाही? सप्टेंबर २०२४ मध्ये तो आला असता, तर पावती दाखवून तेव्हाच विषय मिटला असता.

दुसरा प्रश्न रिझर्व्ह बँकेला. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत केले नाहीत, तर संस्थेला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. चांगला नियम आहे. त्याने कपाटातले कागद बाहेर निघायला लागले. मग माणसाचं नाव अडकवून ठेवलं तर दिवसाला फक्त शंभर? गिरणीवाल्याकडे तारण ठेवायला बंगला नाही. त्याचं तारण म्हणजे वेळेवर भरलेले हप्ते. तेच कागदावर खोटं ठरवलं तर त्याच्याकडे उरतं काय? एका मोठ्या कंपनीला रोजचे शंभर रुपये म्हणजे ऑफिसातल्या चहाचा खर्चही नाही. म्हणून तर कोणी हलत नाही.

नुकसान मात्र खरं आहे. बँकेने नाही म्हटल्यावर काकांसमोर बाजारातला सावकार आहे, महिना तीन टक्के. दोन लाखांवर महिन्याला सहा हजार रुपये नुसतं व्याज. बँकेच्या अकरा टक्क्यांच्या कर्जावर हेच व्याज पहिल्या महिन्याला अठराशेच्या आसपास पडलं असतं. हा चार हजारांहून जास्तीचा फरक एका खोट्या नोंदीने काकांच्या खिशातून जाणार. अजून त्यांनी ते पैसे उचललेले नाहीत. दिवाळी सात आठवड्यांवर आली आहे आणि जुनं मशीन महिन्यात दोनदा बंद पडतं.

आता आपल्या गावातल्या बँकांबद्दल. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री बँकांच्या बैठकीत सांगतात. छोट्या धंदेवाल्याबद्दल कोण सांगणार? कर्जासाठी किमान इतका स्कोअर हवाच, असं रिझर्व्ह बँकेने कुठेही ठरवून दिलेलं नाही. तो आकडा ज्या त्या बँकेचा. मग समोर ना-हरकत दाखला, पावती आणि एचपी उतरलेली आरसी असताना व्यवस्थापकाने ते कागद फाइलला लावून वर शिफारस का करू नये? "आधी क्लिअर करून आणा" हे वाक्य टेबलावरून फेकणं सोपं आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. कंपनीने काकांची नोंद वर लिहिलेल्या पाचही मुद्द्यांनुसार, मागच्या तारखेपासून, चारही ठिकाणी दुरुस्त करावी. १७ जुलैपासूनची भरपाई न मागता खात्यात टाकावी. ११ जानेवारीचे पाचशे रुपये कोणाच्या खिशात किंवा कोणत्या खात्यात गेले ते लेखी सांगावं. आणि रिझर्व्ह बँकेने एवढं करावं, की ज्या संस्थेने स्वतः येणं नाही असा दाखला दिलाय, तिला "सिस्टीमनुसार बरोबर" म्हणून दुरुस्ती नाकारताच येऊ नये. दाखला हाच पुरावा धरून क्रेडिट कंपनीने थेट दुरुस्ती करावी. त्यासाठी कायद्यातली ती पाचर काढावी लागली तर काढावी. आपल्या खासदारांनी हा प्रश्न विचारावा, मी त्यांना हे सगळे कागद द्यायला तयार आहे.

आणि तुमच्यासाठी एक काम. घरात कोणाचं कर्ज फिटलं असेल तर दाखला मिळाल्यावर दीड महिन्याने रिपोर्ट काढा. संस्था नियमितपणे माहिती पाठवतात, त्यामुळे तोवर खातं बंद दिसायलाच हवं. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. बाऊन्सचे पैसे रोख दिले असतील तर ती पावती दाखल्याला टाचणी लावून ठेवा. खातं बंद दिसत नसेल तर पाचशे भरायला जाऊ नका, आधी अर्ज टाका. अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी कार्यालयात यावं, झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. स्वतःचा खाते क्रमांक किंवा रिपोर्टचा फोटो इथे कमेंटमध्ये मात्र कोणीही टाकू नका.